‘धंदा’ हा शब्द वाचून लिहिलेलं उत्तर

“गृहकर्ज दुसरीकडे नेण्यावरचा तुमचा लेख वाचला. साधं गणित उगाच गुंतागुंतीचं केलंय. माझं ३० लाख बाकी, १५ वर्षं उरलेली, व्याज ९ वरून ८.५ टक्के, आणि हप्ता जवळपास ४,४०० ने कमी झाला. सगळा खर्च ३६ हजार, तो नऊ महिन्यांच्या आत वसूल. हातात पैसे खेळते राहतात त्याची किंमत तुम्ही धरतच नाही. काही जण प्रोसेसिंग फी माफही करतात. लोकांना घाबरवणं हाच तुमचा धंदा दिसतो.”

नमस्कार. प्रोसेसिंग फी कधीकधी माफ होते, हे लेखात यायला हवं होतं, मान्य. पण ‘धंदा’? या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा. मतभेद असू शकतात, पण समोरचा माणूस कशासाठी लिहितो हे आधी ठरवायचं आणि मग आकडे फेकायचे, ही कुठली रीत? मी कर्जखात्यात बसून कर्ज बदलण्याचे अर्ज वर्षानुवर्षं हाताळले आहेत. स्वतःचं कर्जही एकदा हलवलंय. तेव्हा मला गणित शिकवताना जरा बेतानं.

आता त्या ४,४०० कडे येऊ, कारण तुमची सगळी भिस्त त्यावरच आहे. ३० लाखांवर ९ टक्क्यांनी १८० महिन्यांचा हप्ता येतो ३०,४२८. तेवढेच महिने ठेवून दर ८.५ केला तर २९,५४२. फरक ८८६. मग तुमचे ४,४०० आले कुठून? मुदतीतून. नव्या ठिकाणी कर्ज पुन्हा २० वर्षांचं केलं असणार, कारण तेव्हाच हप्ता २६,०३५ वर येतो. कागद पुढे सरकवणारा माणूस हे सांगत नाही, तो फक्त ‘जुना हप्ता, नवा हप्ता’ शेजारी शेजारी लिहून दाखवतो. एकूण भरणा मांडून बघा. जुनं कर्ज तसंच फेडलं असतं तर ५४.७७ लाख. नवं फेडाल तेव्हा ६२.४८ लाख. स्वस्त दरात सुमारे ७ लाख ७१ हजार जास्त, आणि वर ते ३६ हजार.

मुदत न वाढवता हिशेब केला तर ३६ हजार ८८६ च्या गतीने वसूल व्हायला ४१ महिने लागतात. नऊ नव्हे. त्याआधी घर विकलं किंवा कर्ज फेडून टाकलं, तर तोटाच.

याहून मोठी चूक तुलनेत आहे. तुम्ही नव्या दराची तुलना जुन्या दराशी केलीत. ती करायला हवी होती जुन्या ठिकाणी लेखी मागितल्यावर मिळणाऱ्या दराशी. कर्ज हलवायची तयारी दिसली, की पुष्कळ ठिकाणी थोडी फी घेऊन दर खाली आणतात. समजा ६ हजार घेऊन ८.६ दिला. हप्ता २९,७१८, म्हणजे ७१० ची बचत, आणि फी नवव्या महिन्यात वसूल. आता हलवण्याचा जादा फायदा उरतो महिन्याला फक्त १७६, आणि त्यासाठी जादा खर्च ३० हजार. तो फिटायला १७१ महिने लागतात. कर्जच १८० महिन्यांचं आहे! माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी अर्जांत हा जुन्या ठिकाणी मागून मिळणाऱ्या दराचा रकाना कोरा असायचा.

आणि खर्चाच्या यादीत मधल्या दिवसांचं व्याज धरलंत का? कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणाऱ्या, जुन्या ठिकाणच्या फोरक्लोजर लेटरवर एक तारीख असते आणि त्यापुढे रोजचं व्याज लिहिलेलं असतं. ३० लाखांवर ९ टक्क्यांनी ते दिवसाला सुमारे ७४० होतं. नव्याचं व्याज रक्कम दिल्या दिवसापासून सुरू, आणि ती जुन्या खात्यात जमा होईपर्यंत जुन्याचंही चालू. दहा दिवस रेंगाळलं तर ७,४०० गेले. माझ्या वेळी तर त्याच आठवड्यात जुना हप्ताही खात्यातून आपोआप कापला गेला, आणि परत मिळवायला मागे लागावं लागलं. ही रक्कम ‘शुल्क’ म्हणून कुठेच छापलेली नसते, म्हणून कोणी मोजत नाही.

खेळत्या पैशाचं म्हणाल, तर तो वेगळा विषय, इथे नको.

एवढं करा: मंजुरीपत्र काढा, ‘मुदत’ या ओळीसमोर किती महिने लिहिलेत ते बघा आणि खाली टाका. १८० असतील तर मी हा सगळा मजकूर काढून टाकतो. २४० असतील तर हप्ता वाढवून मुदत पुन्हा १८० वर आणण्याचा अर्ज आजच द्या. त्यासाठी फी आहे का, तेही तिथेच विचारून घ्या.