तीन सोर्स, एक फाइल आणि कलम 99

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याकडे एकाच प्रकरणाचे तीन अवतार असतात. पुस्तक, क्लासच्या तासाचं रेकॉर्डिंग आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असलेली हँडआउट्स. परीक्षेला महिना उरला की एका शुभ संध्याकाळी ठरतं की आता हे सगळं एका मास्टर फाइलमध्ये, प्रकरणवार. मग खरा अभ्यास बाजूला राहतो आणि डीटीपीचा धंदा सुरू होतो.

उदाहरणाला राज्यघटनेतलं ‘मूलभूत हक्क’ हे प्रकरण घेऊ, कारण ते कुणालाच टळलेलं नाही. पहिला प्रश्न सांगाड्याचा. पुस्तकाचे मथळे घेतले तर तासाचं काही त्यात बसत नाही. सर कलम १४ वर बोलता बोलता २१ वर जातात, तिथून निवडणुकीवर घसरतात आणि शेवटी ‘हे पुढच्या तासाला बघू’ म्हणतात. पुढच्या तासाला ते बघत नाहीत. म्हणून मी सांगाडा कुठल्याही सोर्सकडून घेत नाही, थेट घटनेकडून घेतो: कलम १२ ते ३५, प्रत्येक कलमाला एक मथळा. कोणी कितीही भरकटलं तरी कलमाचा क्रमांक उच्चारतोच, आणि तोच आपल्याला पत्ता म्हणून पुरतो. ज्याला पत्ता नाही असा मजकूर ‘संकीर्ण’मध्ये टाकायचा. संकीर्ण एका पानाच्या वर गेलं, तर आपण अभ्यास करत नसून साठेबाजी करतोय असं समजावं.

मग पुस्तकाची पानं. मोबाइलने फोटो काढताना बांधणीकडची बाजू वळते, शिरोरेषेला कमान येते आणि चित्रातली अक्षरं वाचून त्यांचा मजकूर करणारा ओसीआर नेमके तिथलेच शब्द गिळतो. तिरकं पान सॉफ्टवेअर सरळ करतं, पण वाकलेलं पान त्याला नीट सरळ करता येईलच असं नाही. त्यासाठी पुस्तकावर काच ठेवून दाबणं हाच खात्रीचा उपाय. फोटो मित्राकडून मागवायचे असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवले की वाटेत त्यांचे पिक्सेल छाटले जातात आणि अनुस्वारांवर सगळ्यात आधी संक्रांत येते.

हँडआउटची गंमत वेगळीच. पीडीएफ स्वच्छ दिसते, अक्षरं टंकलेली, त्यामुळे वाटतं की कॉपी-पेस्ट केलं की झालं. पेस्ट केल्यावर ‘भारत’च्या जागी `Hkkjr` उगवतो. फाइल करप्ट झालेली नसते, नोट्स कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. या जुन्या फाँटांत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा उतरला की `Hkkjr`. अशा फाइलीत ‘कलम’ शोधलं तर एकही कलम सापडत नाही. आणि साधं ओसीआर चालवलं तर ते ‘इथे मजकूर आधीच आहे’ म्हणून काम करायला नकार देतं. त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच असतं. ocrmypdf या प्रोग्रॅममध्ये त्याला जबरदस्ती करावी लागते, टर्मिनलमध्ये ही आज्ञा देऊन:

```
ocrmypdf -l mar+eng --deskew --force-ocr notes03.pdf notes03_ocr.pdf
```

`--force-ocr` पानाचं आधी चित्र करतं आणि मग ते नव्याने वाचतं. पुस्तकाच्या फोटोंच्या पीडीएफला या शब्दाची गरज नसते, बाकी आज्ञा तीच.

पण खरा खलनायक पुढे आहे. देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांच्यात ओसीआरला फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे कलम १९ बघता बघता कलम 99 होतं आणि भाषणस्वातंत्र्य थेट संसदेत जाऊन बसतं, कारण कलम ९९ आहे संसद सदस्यांच्या शपथेचं. वाक्य वाचताना हे खटकत नाही, कारण बाकीचं सगळं बरोबर असतं. पुस्तकाचे अंक देवनागरी असतील, तर लिबरऑफिसच्या ‘शोधा व बदला’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय लावून `[0-9]` शोधायचं. जिथे इंग्रजी अंक सापडेल तिथे मूळ पान उघडायचं. ‘सगळे बदला’ हे बटण मात्र दाबायचं नाही, कारण तो 9 मुळात ९ होता की १, हे त्या बटणाला ठाऊक नसतं.

रेकॉर्डिंगबद्दल माझं मत कठोर आहे: शब्दशः उतरवू नये. दोन तासांच्या तासात पंधरा मिनिटं हजेरी, माइक आणि पंख्याचा आवाज असतो. दीडपट वेगाने ऐकलं तर ऐंशी मिनिटांत संपतं. ऐकताना पुस्तकात नसलेलं तेवढंच एका ओळीत लिहायचं आणि पुढे व्याख्यानाचा क्रमांक आणि वेळ टाकायची: [व्या ७, ४७:१०]. एखादा भाग पुन्हा पुन्हा लागणार असेल, तर तेवढाच कापून ठेवायचा:

```
ffmpeg -ss 00:47:10 -to 00:53:30 -i lec07.m4a -c copy kalam19.m4a
```

असा पत्ता प्रत्येक ओळीला हवा, पुस्तकाला [पु ११२], हँडआउटला [हँ ३]. हा सोपस्कार वाटतो, पण तीन सोर्स भांडायला लागले की त्याचा उपयोग कळतो.

आणि ते भांडतातच. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांमधून कधी गेला? पुस्तक म्हणतं १९७८. हँडआउट म्हणतं १९७९. सर म्हणतात, ‘जनता सरकारने काढला, पुढे चला.’ मास्टर फाइल करणारा इथे हमखास दोनांपैकी एक आकडा खोडतो, बहुधा ज्याचा कागद जास्त कळकट असेल त्याचा. वास्तविक तिघंही खरं बोलत असतात. घटनादुरुस्ती ४४ वी, कायद्याच्या नावात वर्ष १९७८, आणि मालमत्तेची तरतूद लागू झाली २० जून १९७९ पासून. तेव्हा कलम ३१ गेलं, कलम १९ मधल्या सात स्वातंत्र्यांपैकी मालमत्तेचं स्वातंत्र्यही गेलं आणि मालमत्ता कलम ३०० अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून राहायला गेली. पुस्तकात सात स्वातंत्र्यं आणि हँडआउटमध्ये सहा का, याचं उत्तरही इथेच आहे. पुस्तक मूळ घटनेबद्दल बोलत होतं.

शिक्षणाच्या हक्काचंही तेच. कलम २१ अ पुढे कुठे २००२, कुठे २००९, कुठे २०१० लिहिलेलं असतं. ८६ वी घटनादुरुस्ती २००२ ची, तिच्यासाठीचा कायदा २००९ चा, आणि दोन्ही लागू झाले १ एप्रिल २०१० ला. म्हणून माझ्या फाइलीत ‘वर्ष’ नावाचा रकाना नसतो. ‘नावातलं वर्ष’ आणि ‘लागू’ असे दोन रकाने असतात, आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी घटनेची अद्ययावत प्रत उघडायची. तीन सोर्सचं मतदान घेऊन निकाल लावायचा नाही, कारण हँडआउट बऱ्याचदा त्याच पुस्तकावरून काढलेलं असतं आणि एकच माणूस दोनदा मत देऊन जातो.

लांबीचं गणित सोपं आहे. पुस्तकातलं प्रकरण पंचवीस पानांचं असेल, तर मास्टर आठ-नऊ पानांत आलं पाहिजे. ते तीस पानांचं झालं, तर आपण पुस्तकाची नवी आवृत्ती काढली आहे, तीही मुद्रितशोधनाशिवाय.

शेवटी छपाई. झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेली तर त्याच्या मशीनवर आपला फाँट नसतो आणि आठ पानांची अकरा होतात. पीडीएफच न्यावी. आणि सोर्सचे पत्ते अक्षरांतच ठेवावेत. पुस्तक निळं, व्याख्यान हिरवं, हँडआउट लाल अशी रंगपंचमी पडद्यावर फार देखणी दिसते, पण काउंटरवर दर ऐकला की आपणच ‘ब्लॅक अँड व्हाइट काढा’ म्हणतो, आणि तिन्ही सोर्स एकाच करड्या रंगाचे होऊन बाहेर येतात.