चेंडू सोडू नका, सामना आपोआप जिंकाल

कामठी रोडवरच्या एखाद्या मोहल्ला फुटबॉल टीमचे तुम्ही नुकतेच कोच झाला असाल, तर अभिनंदन. शिट्टी घ्या, टोपी घ्या आणि पहिल्याच दिवशी पोरांना सांगून टाका: चेंडू आपल्याजवळ ठेवा, जिंकणारे तेच करतात. कोणी पुरावा मागितला तर युरोपातल्या एखाद्या मोठ्या लीगचा तक्ता उघडा. वरच्या संघांचं पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात असण्याचं प्रमाण, बहुतेक वेळा जास्त, तळाच्यांचं कमी. झालं सिद्ध.

वरच्या संघांकडे पैसा असतो, पैशाने चांगले खेळाडू येतात, त्यांच्या पायातून चेंडू सुटत नाही आणि गोलही तेच करतात, हे मात्र पोरांपाशी बोलू नका. पझेशन आणि विजय ही एकाच आईची दोन लेकरं. आपण असं धरून चालायचं की थोरल्याला जेवू घातलं की धाकटा बाळसं धरतो.

पझेशन वाढवायची स्वस्त युक्तीही आहे. आकडे गोळा करणाऱ्या काही कंपन्या घड्याळ लावत नाहीत, पास मोजतात. एकूण पासपैकी तुमचे किती, तेवढं तुमचं पझेशन. तेव्हा दोन स्टॉपर आणि गोलकीपर यांच्यात चेंडू फिरवत राहा. एखादं पोरगं विचारेल, "सर, समोर कधी जायचं?" त्याला बाकावर बसवा.

स्पेनची उदाहरणं टाळा. 2018च्या वर्ल्ड कपमध्ये मॉस्कोत रशियाविरुद्ध त्यांनी हजारावर पास दिले, सामना 1-1 झाला आणि पेनल्टीत ते घरी गेले. 2022ला मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजारावर पास, गोल शून्य, आणि पेनल्टीतही शून्य.

तरी चहाच्या टपरीवर कोणीतरी गाठतोच. "भाऊ, जपानवाल्यांनी 18 टक्क्यांत ठोकलं ना स्पेनले!" खरं आहे, 2022ला जपान 2-1 जिंकला तेव्हा चेंडू त्यांच्याकडे साधारण तेवढाच होता. घाबरू नका, सिद्धान्त उलटा करा. उद्यापासून पोरांना सांगा, चेंडू दिसला की समोरच्याला देऊन टाका, जिंकणारे तेच करतात.

हा दुसरा सल्ला पहिल्यापेक्षाही टिकाऊ आहे, कारण त्याच्या बाजूने आकडे स्वतःहून उभे राहतात. धरा, पहिली 30 मिनिटं 0-0 आहे. तुमचे 60 पास, त्यांचे 40. तुम्ही बरे खेळताय, आणि गोल होतो. आता तुमची पोरं मागे येतात, जागा बंद करतात, चेंडू मिळाला की लांब मारतात. त्यांना बरोबरी साधायचीय, म्हणून ते चेंडू घेऊन घिरट्या घालतात. उरलेल्या 60 मिनिटांत तुमचे 50 पास, त्यांचे 150. बेरीज करा: 110 विरुद्ध 190. तुम्ही 37 टक्के पझेशनवर जिंकलात! गोलच्या आधी तुमचं पझेशन 60 होतं आणि 37 गोलमुळे झालं, हे लक्षात घेतलं तर सिद्धान्त कोसळतो, म्हणून घेऊ नका.

नागपूरकरांना हा हिशेब कळायला जड जाऊ नये. मार्चमध्ये आपण कूलर काढतो, वाळ्याच्या ताट्या बदलतो, आणि मे महिन्यात पारा 40च्या वर जातो. दरवर्षी, न चुकता. यंदा सगळ्या शहराने कूलर माळ्यावरच ठेवून बघायला हरकत नाही.

(जपानच्या बाबतीत एक बारीक अडचण आहे. पहिल्या अर्ध्यात ते 0-1ने मागे होते, तेव्हाही चेंडू बहुतेक स्पेनकडेच होता. म्हणजे तिथे नुसती आघाडी राखणं नव्हतं, बेतच तसा होता: वाट बघायची आणि मध्यांतरानंतर एकदम तुटून पडायचं. काही मिनिटांत दोन गोल आले. एका सामन्यावरून नियम काढू नये म्हणतात, पण मग टपरीवर बोलायचं काय?)

एक वाईट सवय मात्र लावून घेऊ नका. काही लोक वहीत दोन रकाने करतात आणि स्कोअर बरोबरीत असतानाचे पास वेगळे मोजतात. आघाडीचा परिणाम त्यातून बाहेर पडतो. त्याहून खट्याळ लोक एकाच संघाचे, साधारण सारख्याच ताकदीच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सामने एकमेकांशेजारी ठेवतात आणि बघतात, पझेशन जास्त होतं त्या दिवशी तो खरंच जास्त जिंकला का. त्यालाही पुष्कळ सामने लागतात, आणि तेवढ्यात मोहल्ल्याची स्पर्धा आटोपते.

त्यापेक्षा समोरच्या कोचकडून शिका. तो तुमच्याशी 0-1 हरला, तासभर तुमच्या गोलपुढे डोकं आपटत राहिला. संध्याकाळी क्लबच्या अध्यक्षांसमोर तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन तो सांगत होता, "साहेब, 63 टक्के चेंडू आपल्याकडे होता." अध्यक्षांनी मान डोलावली आणि पोह्यांवर आणखी तर्री घालायला सांगितली.