कर्ज सरकारचं, व्याज कारखानदाराचं

गेले काही आठवडे हा मेसेज गटागटांतून फिरतो आहे:

> सरकारने कितीही कर्ज काढलं तरी धंदेवाल्यांचा पैसा कमी होत नाही. (१) सरकार घेतलेला पैसा खर्च करतं, तो फिरून बँकेतच येतो. (२) बँका सरकारी रोखे स्वतःच्या मर्जीने घेतात. उद्योगांकडून कर्जाला मागणीच नसते. (३) २०२० मध्ये सरकारने विक्रमी कर्ज काढलं, तरी व्याजदर उतरलेच. (४) आणि मोठं कर्ज म्हणजे मोठा विकास!

मुद्द्यांच्या क्रमानेच उत्तर देतो. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर जास्त थांबणार आहे, कारण गोची तिथेच आहे.

पहिला मुद्दा. सरकारने ठेकेदाराला बिल चुकतं केलं की ती रक्कम त्याच्या खात्यात जमा होते, इथवर बरोबर आहे. देशातल्या ठेवींची बेरीज सरकारी कर्जामुळे घटत नाही. पण सरकारच्या उचलीने खासगी कर्जदार बाजूला ढकलला जातो, त्याला ‘क्राउडिंग आउट’ म्हणतात, आणि ते म्हणजे नोटा गायब होणं नव्हेच. प्रश्न असतो तो लोकांच्या बचतीवर पहिला हक्क कोणाचा आणि उरलेल्यांना ती किती व्याजाने मिळते याचा. बचत मोजकी असते. २०२२-२३ मध्ये भारतातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, शेअर वगैरे मिळून आणि घेतलेली कर्जं वजा करून, जीडीपीच्या सुमारे ५ टक्के होती. त्याच वर्षी केंद्र आणि राज्यांची मिळून तूट ९ टक्क्यांच्या आसपास होती. घराघरांतून निव्वळ जेवढं शिल्लक पडलं, त्याच्या जवळपास पावणेदोनपट सरकारांनाच हवं होतं. उरलेली भर कंपन्यांच्या स्वतःच्या नफ्यातून आणि परदेशातून आलेल्या पैशातून पडली. ज्या धंद्याकडे ना गाठीशी नफा, ना परदेशी गुंतवणूकदार, त्याच्या वाट्याला काय उरतं ते या दोन आकड्यांत दिसतं.

शिवाय पैसा फिरून येतो, पण सिमेंट, पोलाद आणि फिटर फिरून येत नाहीत. कारखाने अर्धे रिकामे असताना सरकारने खर्च केला तर त्यातून नवं उत्पन्न आणि नवी बचत निर्माण होते आणि कोणाचं काही हिरावलं जात नाही. कारखाने भरून चालू असताना तोच खर्च केला, तर तेच पोलाद दोघांना हवं असतं आणि भाव वाढतात.

दुसरा मुद्दा. ‘मर्जी’ हा शब्द वाचून मला १९९१ आठवतं. बँकांना ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो, त्याला एसएलआर म्हणतात. सप्टेंबर १९९० पासून तो ३८.५ टक्के होता. रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा हिस्सा, म्हणजे सीआरआर, १५ टक्के होता आणि मे १९९१ पासून नव्याने येणाऱ्या ठेवींवर आणखी १० टक्के लागू झाला.

आता त्या काळात कोणी बँकेत नवे १०० रुपये ठेवले तर काय व्हायचं ते बघा. ३८.५० रुपये सरकारी रोख्यांत. २५ रुपये रिझर्व्ह बँकेत. कर्ज द्यायला उरले ३६.५०. त्यातले ४० टक्के, म्हणजे १४.६० रुपये, शेती आणि लघुउद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला द्यायचं बंधन. बाकी सगळ्या कारखानदारीसाठी, व्यापारासाठी, वाहतुकीसाठी शंभरातले २१.९० रुपये. रिझर्व्ह बँकेत गेलेले २५ रुपये वरवर सरकारचे दिसत नाहीत. पण केंद्राची तूट तेव्हा जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या घरात होती आणि तिचा एक भाग रिझर्व्ह बँक तदर्थ ट्रेझरी बिलं घेऊन थेट नवा पैसा पुरवून भागवत होती. त्या नव्या पैशाने महागाई भडकू नये म्हणून सीआरआर वाढवून तो बँकांकडून काढून घ्यायचा. म्हणजे याही २५ रुपयांमागे बरंचसं कारण सरकारी तुटीचंच.

आणि भाव? सरकारला हा पैसा साडेअकरा-बारा टक्क्यांनी मिळे, दीर्घ मुदतीच्या ठेवीदाराला बँक जे देत होती त्याच्या आसपास. त्यात बँकेचा खर्चही निघत नसे. तो काढायचा कोणाकडून? ऑक्टोबर १९९१ मध्ये मोठ्या कर्जांचा किमान दर २० टक्के झाला. तो फरक उद्योगांनी भरला. बँकांच्या सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीने त्याच वर्षी एसएलआर २५ टक्क्यांवर आणायला सांगितलं, ते १९९७ मध्ये घडलं. तदर्थ बिलंही त्याच वर्षी बंद झाली.

आज एसएलआर १८ टक्के आहे आणि बँका त्याहून बरेच जास्त रोखे बाळगतात. मेसेज लिहिणाऱ्याला यातच मर्जी दिसली असणार. ती कशी घडते ते पाहू. सरकारी रोख्यावर बुडीत जोखमीपोटी बँकेला भांडवल बाजूला ठेवावं लागत नाही. रेटिंग नसलेल्या सर्वसाधारण कंपनीला १०० रुपये दिले तर किमान ९ रुपये स्वतःचं भांडवल त्यामागे उभं करावं लागतं. शिवाय तपासणीचा खर्च आणि कर्ज बुडण्याची धास्ती.

समजा चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखानदाराला एक कोटीची सीएनसी मशिन घ्यायची आहे. सरकारी रोखा ७ टक्के देतो आहे. भांडवलाची किंमत, तपासणी आणि संभाव्य बुडीत धरून बँकेला त्यावर ४ टक्के हवेत. कर्ज ११ टक्क्यांनी मिळेल. मशिनमधून सगळा खर्च वजा जाता वर्षाला साडेअकरा लाख सुटतील असा त्याचा हिशेब आहे. जमतं. सरकारची उचल वाढून रोख्याचा दर ८ टक्क्यांवर गेला की बँक १२ मागते आणि हिशेब तुटतो. तो बँकेत अर्ज करायला जातच नाही. मग आकडेवारीत त्याची नोंद ‘मागणी नाही’ अशी होते! न घेतलेल्या मशिनचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. ऑक्टोबर २०१९ पासून लघुउद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते त्याच्याशी, बांधलेली आहेत, रोख्यांच्या दराशी नाहीत. त्यामुळे छोट्या कर्जात हा परिणाम सरळ व्याजात न दिसता जास्तीच्या तारणात, कमी मंजुरीत किंवा वरच्या मार्जिनमध्ये दिसतो. बाजारात स्वतःचे रोखे विकणाऱ्या मोठ्या कंपनीला मात्र दर थेट लागतो, कारण तिचा दर ठरतो तोच मुळी सरकारी दर अधिक काही टक्के असा.

पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचा पैसा तर मर्जीचा नाहीच. आयुर्विमा कंपन्यांना पारंपरिक पॉलिसींच्या निधीतला निदान निम्मा हिस्सा सरकारी आणि मान्यताप्राप्त रोख्यांत घालावा लागतो. भविष्य निर्वाह निधीच्या नव्या रकमेतला किमान ४५ टक्के भाग सरकारी रोख्यांत जातो. वीजप्रकल्पाला किंवा बंदराला लागतो तो नेमका याच जातीचा पैसा.

तिसरा मुद्दा. २०२० चं उदाहरण खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्या वर्षी केंद्राने आधी ७.८ लाख कोटींची उचल ठरवली होती. मे महिन्यात ती १२ लाख कोटींवर नेली आणि प्रत्यक्षात त्याहूनही जास्त घेतली. दर चढले नाहीत, कारण दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. टाळेबंदीत कोणी नवा कारखाना काढत नव्हतं, त्यामुळे बँकांची कर्जवाढ ठेवींच्या वाढीच्या जेमतेम निम्मी होती. आणि रिझर्व्ह बँकेने रेपो ४ टक्क्यांवर आणून वर्षभरात बाजारातून तीन लाख कोटींहून अधिक रोखे स्वतः विकत घेतले. रिकाम्या बाजारात, मोठा खरेदीदार शेजारी उभा असताना, दर चढणारच नव्हते.

आता ते दोन्ही आधार काढून बघा. १ फेब्रुवारी २०२२ ला अर्थसंकल्पात १४.९५ लाख कोटींची उचल जाहीर झाली, बाजाराच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त. त्या एकाच दिवसात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर ६.६८ वरून ६.८३ टक्क्यांच्या आसपास गेला. रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी रेपोला हातही लावला नव्हता. ती रेपो वाढवायला लागली मे महिन्यापासून. पुढची दरवाढ युक्रेन युद्ध आणि महागाईचीही होती, ती सगळी सरकारच्या उचलीच्या खात्यावर टाकता येणार नाही. म्हणूनच मी त्या एका दिवसापुरतं बोलतो.

याहून बोलकं वर्ष २००९. जागतिक मंदीमुळे रिझर्व्ह बँकेने रेपो ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आणला आणि मार्च २०१० पर्यंत तिथेच ठेवला. तेवढ्या काळात शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग, इंधन आणि खतांचं अनुदान यांचा भार तिजोरीवर आला होता. जुलै २००९ च्या अर्थसंकल्पात केंद्राची उचल ४.५१ लाख कोटी ठरली, दोन वर्षांपूर्वी कोणी कल्पनाही केली नसेल एवढी. दहा वर्षांचा रोखा २००९ च्या सुरुवातीला पाच-सव्वापाच टक्क्यांवर होता, डिसेंबरात साडेसातवर पोचला. धोरणदर तळाला आणि दीर्घ मुदतीचा दर दोन टक्क्यांहून जास्त वर. पुढच्या महागाईची धास्तीही त्यात होती, पण रोख्यांचा एवढा पुरवठा पचवायचा कसा, हाच तेव्हा बाजाराला पडलेला मोठा प्रश्न होता. रिझर्व्ह बँक कर्ज स्वस्त करू पाहत होती, आणि सरकारची उचल ते महाग करत होती.

हे ओळखायची रीत अवघड नाही. केंद्राच्या रोख्यांचा लिलाव साधारण शुक्रवारी होतो, राज्यांचा मंगळवारी. महाराष्ट्र हे त्यातल्या मोठ्या कर्जदार राज्यांपैकी एक. रेपो स्थिर असताना लिलावातला दर चढत असेल, राज्याच्या आणि केंद्राच्या दरांतलं अंतर वाढत असेल, किंवा न खपलेले रोखे ते उचलायची हमी घेतलेल्या प्रायमरी डीलरांच्या गळ्यात पडत असतील, तर सरकारची भूक बाजाराला जड जाते आहे. यातलं काहीच होत नसेल आणि उद्योगांना कर्ज मिळत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावं. बँकांच्या थकीत कर्जांत, किंवा खरोखरच मागणीच्या अभावात.

चौथा मुद्दा थोडक्यात. कर्जातून बंदर, रेल्वेमार्ग, वीजवाहिनी झाली तर खासगी गुंतवणूक वाढते, त्याबद्दल वाद नाही. पण २०२२-२३ मध्ये केंद्राची एकूण तूट जीडीपीच्या ६.४ टक्के होती आणि त्यातली ३.९ टक्के महसुली, म्हणजे पगार, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चाची. या महसुली खर्चात राज्यांना मालमत्ता उभारायला दिलेली अनुदानंही धरलेली असतात, ती वजा केली तरी चालू खर्चासाठी काढलेलं कर्ज जीडीपीच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास उरतं. चाकणच्या त्या मशिनच्या वाट्याचा पैसा यासाठी गेला असेल, तर बदल्यात रस्ता मिळालेला नाही.