घड्याळाची पाठ, अंगठीची आतली बाजू आणि विक्रीची किंमत

वाचकाची प्रतिक्रिया:
"अंगठीवर बिनधास्त कोरा, घड्याळावर दहा वेळा विचार करा, हा तुमचा सल्ला पटला नाही. कोरलेली अक्षरं हीच तर वस्तूची खरी किंमत. पॉल न्यूमनचं घड्याळ त्या अक्षरांमुळेच कोट्यवधींना गेलं ना? आणि विकायची वेळ आलीच तर पॉलिश करून अक्षरं काढता येतात. उगाच घाबरवू नका."

नमस्कार. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनच्या रोलेक्स डेटोना घड्याळाचं उदाहरण तुम्ही दिलंत, तर तिथूनच सुरुवात करतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. मागच्या बाजूला पत्नी जोअन वुडवर्ड यांनी "गाडी सांभाळून चालव, मी" अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. हे घड्याळ न्यूमनचंच, याचा एक पुरावा त्या शब्दांत होता, म्हणून त्यांना मोल आलं. दुसरा नट मार्लन ब्रँडोनं स्वतःच्या रोलेक्सच्या पाठीवर हातानं नाव कोरलं होतं, त्याचंही तसंच. पण "चि. संजयला, आईबाबांकडून" ही अक्षरं संजयसाठी अनमोल असली, तरी विकत घेणाऱ्यासाठी ती परक्या माणसाची आठवण असते. तो भाव पाडूनच मागतो.

आता पॉलिशबद्दल, कारण खरं नुकसान तिथेच होतं. समजा, स्टीलच्या पाठीवर अक्षरं ०.१ मिलिमीटर खोल आहेत. ती घालवायची तर अक्षरांपुरतं घासून चालत नाही, तिथे खळगा पडतो. संपूर्ण पाठ ०.१ मिलिमीटरनं खाली आणावी लागते. त्याच पाठीवर कंपनीचं नाव आणि मॉडेल क्रमांकही असतो, तोही बहुधा तितकाच उथळ. तो बोथट होतो किंवा जातोच. सेकोसारख्या घड्याळांत तर सिरियल क्रमांकच पाठीवर असतो आणि त्याची पहिली दोन चिन्हं निर्मितीच्या वर्षाचा शेवटचा आकडा आणि महिना सांगतात. तो पुसलात तर घड्याळ कधीचं, हे सांगणारी सर्वांत सोपी खूण गेली. जाणकार ग्राहक पाठ ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो. उजेडाची सरळ रेघ एका जागी वाकली की त्याला कळतं, इथे काहीतरी घासलंय. मग कोरलेल्या घड्याळापेक्षाही कमी भाव येतो.

म्हणून कोरायचंच असेल तर मूळ पाठ जपून ठेवा आणि त्याच मॉडेलची सुटी पाठ मिळवून तिच्यावर कोरा. ते जमत नसेल तर खोली ०.०५ ते ०.१ मिलिमीटर आणि अक्षरं दोन-तीन मिलिमीटर उंच, साध्या सरळ वळणाची ठेवा. मुलामा दिलेल्या पितळी पाठीवर मात्र खोल कोरू नका. मुलामा फुटला की आतलं पितळ घामानं हिरवं पडतं. आणि पाठ काढूनच कारागिराकडे द्या, नाहीतर धातूचा कीस यंत्रात जायची भीती असते.

अंगठीचा हिशोब निराळा, कारण आपल्याकडे ती विकताना सोन्याचं वजन आणि शुद्धता पाहतात. वीस अक्षरं धरा. प्रत्येक अक्षराच्या रेघांची एकूण लांबी पाच मिलिमीटर, इंग्रजी व्ही आकाराची चर ०.१ मिलिमीटर खोल आणि ०.१५ रुंद. हातानं कोरून निघणारं सोनं भरतं जेमतेम १३ मिलिग्रॅम. चार ग्रॅमच्या अंगठीत हे अर्धा टक्काही नाही. हिऱ्याच्या टोकाच्या यंत्रानं ओरखडा काढला तर तेवढंही जात नाही, धातू फक्त बाजूला सरकतो.

२२ कॅरेट सोनं मऊ असतं, त्यामुळे अंगठीवर घड्याळापेक्षा थोडं खोल कोरावं. कडी दीड मिलिमीटर जाड असेल तर ०.१ ते ०.१५ मिलिमीटर चांगलं. पोकळ अंगठीवर नकोच. देवनागरीत कोरणार असाल तर कडीची रुंदी आधी मोजा. अक्षर दीड मिलिमीटर उंच म्हणजे वेलांटी आणि उकार त्यातच बसवायचे, मग मुळाक्षराला जेमतेम निम्मी उंची उरते. एवढ्या बारीक कामाला लेझर बरा, कारण ओरखड्याच्या यंत्रातले बरेचसे फाँट रोमन लिपीसाठीच असतात. जोडाक्षरं टाळलीत तर आणखी स्वच्छ दिसतं.

किंमत जाते ती एकाच चुकीनं. आत बीआयएसची खूण, २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. त्यावर कोरू नका. तो वाचता आला नाही तर दुकानदार नव्यानं कस पाहणार आणि घासाघीस सुरू होणार. शिवाय कारागिराला आधीच विचारा, बोटाचं माप बदलायचं झालं तर कडी कुठे कापणार? बहुधा खड्याच्या बरोबर समोर, खालच्या बाजूला. मजकूर तिथून दूर ठेवायला सांगा.