सायकलवाला पुढे आणि आई शेजारी

इथे इंग्लंडमध्ये गाडी चालवताना पुढे सायकलवाला आला तर माझं बीपी वाढत नाही, शेजारी पुण्याहून आलेली आई बसली असेल तर मात्र वाढतं.

"अगं हॉर्न मार ना, सरकेल बाजूला. रस्त्याच्या मधोमध काय चालवतोय, बापाचा रस्ता आहे का?"

आता हिला काय सांगू, की इथल्या हायवे कोडमध्येच लिहिलंय, शांत रस्त्यावर आणि जंक्शनजवळ सायकलवाल्याने लेनच्या मध्यातून जावं, म्हणजे तो सगळ्यांना नीट दिसतो आणि मागचा बाजूने घुसायच्या भानगडीत पडत नाही. बरं, डावीकडे सायकल लेन आखलेली होती, पण ती वापरायची सक्तीही नाही. "मग रंग कशाला फुकट घालवला?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तसंही त्या लेनमध्ये कोणाची तरी व्हॅन उभी होती.

ओव्हरटेक करायचं तर 30 मैल स्पीडपर्यंत निदान दीड मीटर अंतर सोडायचं, स्पीड जास्त तर अंतरही जास्त, आणि तेवढी जागा नसेल तर गप मागे राहायचं. आता चालत्या गाडीतून दीड मीटर मोजणार कसं? आईची उंची साधारण तेवढीच (तिला हे मान्य नाही), म्हणून मी गाडी आणि सायकलच्या मध्ये आडवी झोपलेली आई डोळ्यासमोर आणते. हे तिला सांगितलं आणि पुढची दहा मिनिटं अबोला.

तो मोडला डाव्या वळणापाशी. वळण चाळीसेक मीटरवर, सायकलवाला सरळ जाणारा. "घे ना पटकन पुढे, एवढी मोठी गाडी आहे आपली!" सगळी गोम इथेच आहे. समजा मी भुर्रकन पुढे गेले, तरी वळायला मला ब्रेक मारून पंधराच्या स्पीडला यावं लागणार, आणि मागून तो आपला वीसच्या स्पीडने येतोच आहे, म्हणजे मी स्टिअरिंग फिरवणार नेमकं तेव्हा तो आईच्या दाराला येऊन भिडणार. डावा इंडिकेटर दिला म्हणजे त्याने थांबलंच पाहिजे असंही नाही, सरळ जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, 2022 पासून तर हे कोडमध्ये अगदी स्पष्ट लिहिलंय. आणि मागे थांबून वेळ किती जातो, तर त्याला चाळीस मीटर जायला लागतात तेवढी चार-पाच सेकंदं! आई भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून ह्याच्या कितीतरी पट वेळ घालते.

मी मागेच राहिले, इंडिकेटर लावून, डावा आरसा बघत, कारण मागून दुसरा कोणी सायकलवर येत असला तर त्यालाही आधी जाऊ द्यायचं असतं. पुढचा सरळ निघून गेला आणि जाता जाता हात वर करून थँक्यू म्हणाला.

आईने काच खाली करून तो दिसेनासा होईपर्यंत बघितलं.

"ओळखीचा आहे का गं?"