चार इंच खोली

दादरच्या आमच्या घरातील पाच फुटी खिडकीसाठी लोहार चाळीतून दोन तास घासाघीस करून मी टोकांना पितळी बोंडे असलेले दोन दांडे आणले, आणि ते भिंतीवर चढताच सौभाग्यवतींनी ते झाकण्यासाठी वर पेल्मेटचे खोके हवे असे जाहीर केले.

सुताराने खिडकीकडे एक नजर टाकून "साहेब, चार इंच खोली पुरे," असे सांगितले. मुंबईत 'चार इंच खोली' म्हटले की मला आधी तिचे भाडे किती ते आठवते, त्यामुळे मी मोजायचे विसरलो. खोके बसले आणि पुढचा दांडा फळीच्या बाहेर राहिला.

मग मी स्वतः टेप घेतला. जाळीच्या पडद्याचा दांडा भिंतीपासून अडीच इंचांवर, मुख्य पडद्याचा साडेपाच इंचांवर होता. मुख्य पडद्याच्या चुण्या दांड्यापुढे आणखी दीड इंच फुगत होत्या आणि खोक्यात बसवायच्या दिव्याच्या पट्टीला एक इंच मोकळा लागत होता. म्हणजे आतून आठ इंच. एकच पडदा असता तर पाचांत भागले असते, पण जाळीचा पडदा ही समोरच्या इमारतीतील काकूंमुळे आलेली गरज होती.

नव्या खोक्याने दुसऱ्याच आठवड्यात मान टाकली. अठरा मिलिमीटर प्लायचे ते ओझे भिंतीपासून आठ इंच पुढे आलेले, आणि सुताराने त्याखाली दोन-दोन इंचांचे अँगल लावलेले! वरच्या फळीमागे भिंतीशी बोटभर फट दिसू लागली, तेव्हा दुखणे कळले. आता सहा इंच लांब पायाचे चार अँगल आले. भोक पाडताना आधी वाळूसारखा चुरा पडला. तेवढ्यावर सुतार थांबणार होता, पण तो केवळ प्लास्टरचा होता. ड्रिल अडून बारीक राखाडी पूड येऊ लागली, तेव्हा बीमचे काँक्रीट लागले. प्लग तिथवर आत ठोकून पाऊण विताचे नव्हे, पण तीन इंचांचे स्क्रू पिळले.

दिव्याची पट्टी त्याने पहिल्यांदा मागे, भिंतीलगत चिकटवली होती. रात्री दिवा लावल्यावर पडद्यावर दांड्याची आणि कड्यांची काळी रांग उमटली, आणि घरातले सारे अंधारात राहून उजेड मात्र काकूंना मिळाला. ती पट्टी काढून पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, दुधी झाकणाच्या अॅल्युमिनियम पन्हळीत बसवली. आता प्रकाश चुण्यांवरून खाली उतरतो आणि सोफ्यावरून दिव्याचे ठिपके दिसत नाहीत. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर मात्र मी हट्टाने कडेला, हात पोहोचेल असा ठेवला. तो बिघडला तर सबंध खोके उतरवण्याची माझी तयारी नाही.

परवा पाहुणे आले. पेल्मेटचे कौतुक झाल्यावर सौभाग्यवतींनी त्यांना स्टुलावर चढवून आतली पितळी बोंडे दाखवली.