भाचीच्या कार्डातल्या चार ओळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "भाऊ, तुम्ही भाचीसाठी लिहिलेला मजकूर वाचला. खरं सांगू? एवढा कोरडा मामा नाही पाहिला. एकही आशीर्वाद नाही, 'खूप मोठी हो' नाही. रिक्षा, खिचडी आणि पोरीचं नाक! अठरा वर्षांनी तिला वाचून काय वाटेल? आणि जागा होती तर दोन पानं तरी लिहायची."

ताई, हे कार्ड भाचीनं अठरा पूर्ण झाल्यावर उघडायचं आहे. आधी त्यातला मजकूर पुन्हा इथे देतो, म्हणजे ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांनाही आपलं भांडण समजेल.

"पोरी, तू 4 ऑगस्ट 2025 ला, सोमवारी सकाळी आलीस. त्या दिवशी कानबाईचं विसर्जन होतं. मिरवणुकीत रिक्षा अडकली, म्हणून मी डबा घेऊन पायी दवाखान्यात आलो. तू उजवी मूठ कानाला लावून झोपली होतीस. आजी म्हणाली, 'नाक ते आपलंज शे.' डब्यातली खिचडी गार झाली होती, तरी तुझ्या आईनं सगळी संपवली."

खाली माझं पूर्ण नाव आणि गाव. नुसतं 'तुझा मामा' लिहून भागत नाही. आम्ही सख्खे-चुलत मिळून मामांची पलटण आहोत, अठरा वर्षांनी अक्षर कोण ओळखणार?

आता आशीर्वादाचं. बारशाला आलेल्या प्रत्येक पाकिटावर 'उज्ज्वल भविष्य' होतंच, आणि तोंडी आशीर्वाद मीही दिला. पुढचं लिहायचं खातं आपल्याकडे सटवाईचं. तिच्यापुढे कोरा कागद आणि पेन आम्हीही ठेवलं होतं. मामानं त्यात कशाला हात घालायचा? समजा मी 'डॉक्टर हो' लिहिलं असतं. कार्ड उघडायचं वय म्हणजे नेमकं बारावीच्या निकालाचं. त्या वर्षी मार्क कमी पडले तर तेच वाक्य तिला टोचेल, आणि लिहिणारा मामा समोर बसलेला असेल.

तिच्याकडे नसणार ती गोष्ट एकच, तो दिवस. तिला तो आठवणार नाही. तिची आई तेव्हा ग्लानीत होती, आजीचं बोलणं आईच्या कानावर गेलंच नाही. मोबाइलमध्ये फोटो ढीगभर आहेत, पण फोटोत आजीचा आवाज नाही. म्हणून नाक राहू द्या. आजीचं वाक्य मी प्रमाण मराठीत फिरवलं नाही, कारण 'नाक तर आपलंच आहे' असं आमची आई उभ्या जन्मात बोललेली नाही. भाची पुण्यात वाढेल, अहिराणी तिच्या कानावर पडेल न पडेल. कार्डातली ती ओळ तरी आजीच्या तोंडची राहील.

तारखेबद्दल कुणी विचारलं नाही, पण सांगतो. आपल्याकडे खान्देशात कानबाईचा सण मोठा, 'कानबाईच्या सोमवारी झाली' एवढं पुरतं, सगळ्यांना कळतं. पण तो सोमवार दर वर्षी सरकतो. 2024 ला 12 ऑगस्टला होता, 2025 ला 4 ऑगस्टला. सण लिहिला तर वर्षासकट तारीखही लिहावी.

दोन पानं मी लिहू शकलो असतो. मग त्यात तेही आलं असतं, जे त्या सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात एका नातेवाइकानं सुस्कारा टाकून म्हटलं, 'चला, लक्ष्मी आली'. शब्द चांगले होते, सूर नव्हता. ताई, तुम्ही खान्देशातल्या असाल तर तो सूर तुम्हाला सांगायला नको. ते कार्डात नाही, आणि मुद्दाम नाही. कागदावरचं वाक्य परत घेता येत नाही, आणि ज्यानं ते म्हटलं तो तोवर पोरीचा लाडका आजोबाही झालेला असेल. मी मजकूर आधी वहीत लिहिला, आईला वाचून दाखवला, आणि ज्या ओळीवर ती गप्प झाली ती ओळ काढली. लांबी आपोआप आटोक्यात आली.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारायला हवी होती, ती म्हणजे पेन. गुळगुळीत चकचकीत कागदावर शाई मुरत नाही, जेल पेननं लिहून कार्ड लगेच मिटलं की समोरच्या पानावर उलटा ठसा उठतो. म्हणून आतली बाजू खरखरीत असलेलं कार्ड घेतलं, साध्या बॉलपेननं लिहिलं आणि रात्रभर उघडं ठेवलं. लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिक पिवळं पडलं, फुगलं तर सोलताना कागदही जातो. दवाखान्याची पावती आठवण म्हणून आत घालायची असेल तर झेरॉक्स घाला. त्या गुळगुळीत छापील पावत्या आपल्या उन्हाळ्यात काही वर्षांत कोऱ्या होतात.

कार्ड बहिणीकडे आहे, जन्मदाखल्याच्या फायलीत. ती फाइल शाळाप्रवेशापासून दर वेळी निघणार, म्हणजे हरवायची नाही. पाकिटावर 'अठरा पूर्ण झाल्यावर' असं लिहिलंय, पण बहीण आमची आहे. तिनं ते आत्ताच दोनदा उघडून वाचलंय.